कन्व्हेयरवर कॅमेऱ्याने मापं घेणं: सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीत हेमिंग झालेला पीस चेकिंग टेबलावर येतो, तिथे टेप लावून लांबी-रुंदी बघतात आणि पीस पुढे जातो. हेच माप चालत्या पट्ट्यावर कॅमेऱ्याने घेता येईल का, असं आता बरेच जण विचारतात. येतं. पण कॅमेरा बसवला आणि झालं, असं ते काम नाही. खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: १६ बाय २४ इंचाचा टेरी नॅपकिन, म्हणजे ४०६ बाय ६१० मिलिमीटर, आणि बायरने दिलेली सूट दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर. तुमचा माल वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

इंच, सेंटिमीटर की मिलिमीटर? आमच्याकडे तर सगळं इंचात चालतं.

बोलताना इंच चालू द्या, पण सॉफ्टवेअरमध्ये आणि चेकिंगच्या कागदावर फक्त मिलिमीटर ठेवा. २४ इंच म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. सवयीने कुणी '२४ इंच म्हणजे ६० सेंटिमीटर' असं लिहिलं की ९.६ मिलिमीटर तिथेच गेले, म्हणजे बायरची जवळजवळ सगळी सूट संपली. मग कॅमेरा बरोबर माप देत असूनही निम्मा माल लांब दिसतो आणि दोष कॅमेऱ्यावर येतो. ऑर्डर घेतानाच एक आकडा ठरवा, तो बायरकडून मेलवर पक्का करून घ्या आणि तोच मशीनमध्ये भरा. पाकिटावर तयार मालाची जी लांबी-रुंदी छापता, तिच्याशीही तो जुळला पाहिजे.

कॅमेऱ्याला मिलिमीटर कळतात कसे?

कळत नाहीत. कॅमेऱ्याला फक्त पिक्सेल दिसतात. एक पिक्सेल पट्ट्यावर किती मिलिमीटरचा पडतो, ते आपण त्याला सांगायचं असतं.

पाच मेगापिक्सेलचा एक नेहमीचा इंडस्ट्रियल कॅमेरा घ्या: २४४८ बाय २०४८ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. त्याला १२ मिलिमीटरची लेन्स लावून तो पट्ट्यापासून ११०० मिलिमीटर उंचीवर खाली तोंड करून बसवला, तर आडवं सुमारे ७६६ आणि उभं ६४० मिलिमीटर दिसतं. म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.३१ मिलिमीटरचा झाला. नॅपकिनची लांब बाजू पट्ट्याला आडवी ठेवली की अख्खा पीस एकाच फोटोत मावतो आणि चारी बाजूंना जागा उरते. अख्खा पीस एका फोटोत मावणं फार सोयीचं आहे, कारण मग पट्ट्याचा वेग थोडा कमी-जास्त झाला तरी मापाला धक्का लागत नाही.

चादर किंवा मोठा बाथ टॉवेल मात्र एका फोटोत मावत नाही. त्याला लाइन-स्कॅन कॅमेरा आणि पट्ट्याच्या रोलरवर एन्कोडर लागतो. तो वेगळा विषय आहे, इथे धरलेला नाही.

एकदा कॅलिब्रेशन केलं की पुन्हा पट्ट्याशेजारी खूण कशाला हवी?

ही दोन कामं वेगळी आहेत. त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकत जातं.

कॅलिब्रेशनमध्ये आपण लेन्सचा स्वभाव शिकतो. प्रत्येक लेन्स फोटोच्या कडांना सरळ रेष थोडी वाकवते. हा वाक कोपऱ्यात अर्धा टक्का असला तरी ६१० मिलिमीटरवर ३ मिलिमीटर होतात. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या चेकरबोर्डचे फोटो काढून हा वाक एकदा मोजला की तो प्रत्येक फोटोतून काढून टाकता येतो. लेन्सचा फोकस आणि अ‍ॅपर्चर स्क्रूने घट्ट केलेले असतील, तर हे कॅलिब्रेशन महिनोन् महिने टिकतं.

पण कॅमेरा आज पट्ट्यापासून नेमका किती उंच आहे, किती कलला आहे, काल रात्री साफसफाई करताना कुणाचा खांदा ब्रॅकेटला लागला का, हे कॅलिब्रेशनला माहीत नसतं. ते खूण सांगते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना स्थिर पट्ट्यांवर चार खुणा लावतात. त्यांच्यातली अंतरं आपण स्टीलच्या पट्टीने मोजून ठेवलेली असतात. प्रत्येक फोटोत सॉफ्टवेअर आधी त्या चार खुणा शोधतं, त्यांवरून त्या क्षणाचं पिक्सेल-मिलिमीटरचं गणित मांडतं आणि मगच पीस मोजतं. कॅमेरा हलला असेल तर खुणाही फोटोत सरकलेल्या दिसतात आणि हिशेब आपोआप सुधारतो. फारच हलला असेल, तर खुणा नेहमीच्या जागेपासून लांब दिसल्या म्हणून लाइन थांबवता येते.

खूण केवढी असावी आणि कुठे लावायची?

बहुतेक जण इथेच घाई करतात, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी आकाराचं बघू. काही ठिकाणी पट्ट्याशेजारी ४० मिलिमीटरचा एकच चौकोन चिकटवतात आणि त्याच्या रुंदीवरून सगळं माप काढतात. त्या चौकोनाची कड शोधताना अर्ध्या पिक्सेलची चूक सहज होते, म्हणजे साधारण ०.१६ मिलिमीटर. ४० मिलिमीटरात ०.१६ म्हणजे ०.४ टक्के. तोच ०.४ टक्का ६१० मिलिमीटरच्या नॅपकिनला लावला की जवळपास अडीच मिलिमीटरची चूक झाली, तीही निव्वळ खूण लहान होती म्हणून. आता दोन खुणा एकमेकींपासून ७०० मिलिमीटर अंतरावर लावा आणि त्यांच्या केंद्रांमधलं अंतर धरा. अर्ध्या पिक्सेलची तीच चूक आता ७०० मिलिमीटरांवर पसरते आणि ६१० ला जेमतेम ०.१४ मिलिमीटर येते. खूण स्वतः ३० मिलिमीटरची असली तरी चालते. दोन खुणांमधलं अंतर मात्र मोजायच्या मालाएवढं किंवा त्याहून जास्त हवं.

आपल्या उदाहरणात पट्टा ६६० मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन अरुको खुणा, म्हणजे सॉफ्टवेअरला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोन, आडवं अंतर ७०० आणि उभं ४५०. चार खुणा घेण्याचं कारण असं की कॅमेरा जराही कलला, तर फोटोची एक बाजू मोठी आणि दुसरी लहान दिसते. एक किंवा दोन खुणांच्या केंद्रांवरून तो कल पकडता येत नाही, चारांवरून येतो.

आता उंची. माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कॅमेऱ्याच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते. खुणा पट्ट्याच्या पातळीवर चिकटवल्या आणि नॅपकिनची हेमची कड पट्ट्यापेक्षा ५ मिलिमीटर वर असली, तर कॅमेरा ती कड जवळून बघतो. तेवढ्याने नॅपकिन ११०० भागिले १०९५ पट मोठा दिसतो:

```
610 × 1100 / (1100 − 5) = 612.8
```

म्हणजे जवळजवळ ३ मिलिमीटर फुकटचे वाढले. बायरच्या १० मिलिमीटरच्या सुटीतला पाव हिस्सा निघून गेला आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाकच दिसत राहतं. टेरीची हेम दुमडून शिवलेली असते, त्यामुळे कड मधल्या भागापेक्षा जाड असते आणि माप कडेवरूनच घेतलं जातं, हेही ध्यानात ठेवा.

उपाय सोपा आहे. खुणांच्या पट्ट्यांखाली पत्र्याचे तुकडे घालून खुणा हेमच्या कडेच्या उंचीवर आणा. माल बदलला, म्हणजे ४०० जीएसएमऐवजी ६०० जीएसएमचा जाड माल आला, तर पत्रेही बदला. पत्र्यांवर रंगाने खूण करून ठेवली की रात्रपाळीवालाही चुकत नाही.

आणि एक. बारा नॅपकिनचा ६० मिलिमीटर उंच गठ्ठा त्याच कॅमेऱ्याखाली ठेवून मोजू नका. खुणा पट्ट्याच्या पातळीवर असतील तर वरचा नॅपकिन ६४५ मिलिमीटरचा दिसेल, खालचे तर दिसणारच नाहीत.

पत्रे घातले ते बरोबर आहेत, हे कसं कळणार?

मास्टर प्लेटने. अ‍ॅल्युमिनियमची ६१० बाय ४०६ ची प्लेट चांगल्या वर्कशॉपमधून कापून घ्या, जाडी हेमएवढी म्हणजे ५ मिलिमीटर. चकाकी जावी म्हणून तिला मॅट पांढरा रंग द्या. रंग दिल्यानंतर स्टीलच्या पट्टीने किंवा मोठ्या व्हर्नियरने मोजा आणि आलेला आकडा प्लेटवरच कोरून ठेवा.

आता ती पट्ट्यावरून मालासारखीच पाठवा: मधोमध, डाव्या कडेला, उजव्या कडेला, थोडी तिरकी, उलटी फिरवून. खुणा खाली राहिल्या असतील तर सगळीकडे माप २.८ च्या आसपास जास्त येईल. सगळीकडे सारखंच जास्त येत असेल तर उंचीची चूक आहे, पत्रे वाढवा. मधे बरोबर आणि कडांना चुकत असेल तर लेन्सचं कॅलिब्रेशन कच्चं आहे. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी येत असेल तर एक खूण उचकटली आहे किंवा एका बाजूचे पत्रे सुटले आहेत. कुठे दुरुस्ती करायची, ते चूक कशा रीतीने पसरली आहे यावरूनच कळतं, म्हणून प्लेट एकाच जागी ठेवून समाधान मानू नका.

उन्हाळ्यात प्लेट फुगत नाही का, असंही विचारतात. फुगते. वीस अंश तापमान वाढलं तर ६१० मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.२८ मिलिमीटर वाढतं. ते एका पिक्सेलपेक्षा कमी आहे, सोडून द्या.

चेकरबोर्ड घरच्या प्रिंटरवर छापला तर चालेल का?

लेन्सचा वाक मोजायला चालेल, पण दोन अटी आहेत. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद करा, नाहीतर २५ मिलिमीटरचा चौकोन २४ चा छापला जातो. छापून झाल्यावर दहा चौकोनांचं अंतर पट्टीने मोजा आणि सॉफ्टवेअरमध्ये मोजलेलाच आकडा भरा. दुसरी अट म्हणजे कागद काचेवर किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमवर पूर्ण सपाट चिकटवा. पुठ्ठ्यावर लावला की दोन दिवसांत तो वाकतो आणि तो वाक लेन्सच्या माथी बसतो.

पंधरा ते वीस फोटो काढा. बोर्ड दर वेळी वेगळ्या जागी आणि वेगळ्या कोनात धरा. तो चारही कोपऱ्यांत यायलाच हवा, कारण वाक तिथेच जास्त असतो. ओपनसीव्ही लायब्ररीतल्या `cv2.findChessboardCorners` ला चौकोनांची संख्या देऊ नका, आतल्या कोपऱ्यांची द्या. १० बाय ७ चौकोनांच्या बोर्डाला ती ९ बाय ६ होते. `cv2.calibrateCamera` शेवटी एक चूक सांगतं. ती अर्ध्या पिक्सेलच्या आत आली तर ठीक. एक-दोन पिक्सेल येत असेल तर फोटो हललेले आहेत किंवा बोर्ड वाकडा आहे.

खुणा मात्र कागदावर छापू नका. हात लागून आणि तंतू पुसताना कागद फाटतो. मॅट स्टिकरवर छापून पत्र्यावर लावा आणि त्यांचं अंतर लावल्यानंतर मोजा.

प्रत्यक्ष कोड किती मोठा असतो?

मापाचा गाभा पाच ओळींचा आहे. `K` आणि `dist` कॅलिब्रेशनमधून येतात, `corners_px` हे पीसचे कोपरे, `marks_px` या फोटोतल्या खुणा आणि `marks_mm` ही त्यांची मोजून ठेवलेली जागा:

```python
c = cv2.undistortPoints(corners_px, K, dist, P=K)
m = cv2.undistortPoints(marks_px, K, dist, P=K)
H, _ = cv2.findHomography(m, marks_mm)
c_mm = cv2.perspectiveTransform(c, H)
side = np.linalg.norm(c_mm[0] - c_mm[1])
```

नेहमीची चूक दुसऱ्या ओळीत होते. पीसच्या कोपऱ्यांचा वाक काढतात आणि खुणांचा काढायचा विसरतात. मग दोघांचं गणित दोन वेगळ्या फोटोंवर चालतं आणि कडेला एक-दोन मिलिमीटर कुठून आले ते सापडत नाही. खरी मेहनत या ओळींच्या आधी आहे. पीसची कड नेमकी कुठे संपते, हे ठरवणं अवघड असतं.

पांढरा आणि मरून एकाच कटिंगचे असून मापात फरक का येतो?

टेरीची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ नसते. बाहेर लूप आलेले असतात, तंतू असतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने कड म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे जाणारा तीन-चार पिक्सेलचा उतार, आणि त्या उतारावर रेघ कुठे मारायची ते आपण ठरवतो. गडद हिरव्या पट्ट्यावर पांढरा नॅपकिन असेल आणि लाइट जास्त असेल, तर पांढरा भाग २५५ ला, म्हणजे उजेडाच्या सगळ्यात वरच्या आकड्याला, जाऊन चिकटतो. मग उजेड बाहेर सांडतो आणि कड प्रत्येक बाजूला एक-दोन पिक्सेल फुगते. दोन्ही बाजू मिळून पांढरा पीस मिलिमीटरभर मोठा होतो. मरूनचं उलट असतं. हिरवा पट्टा आणि मरून कापड राखाडी फोटोत जवळपास एकाच रंगाचे दिसतात, म्हणून कड आतच कुठेतरी सापडते किंवा तुटक सापडते.

पांढऱ्यासाठी एक्स्पोजर इतकं कमी करा की कापडाचा उजेड २०० ते २२० च्या मधे राहील. रेघ मारायची ती पट्ट्याच्या आणि कापडाच्या उजेडाच्या बरोबर मध्यावर, आणि हा मध्य प्रत्येक फोटोत नव्याने काढायचा, ठरीव आकडा ठेवायचा नाही. गडद मालासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे दूधी रंगाचा अर्धपारदर्शक पट्टा आणि त्याखालून लाइट. मग कापड कुठल्याही रंगाचं असो, फोटोत काळीच आकृती दिसते. खर्च जास्त येतो, पण ज्यांच्याकडे रोज पाच-सहा रंग चालतात त्यांनी हाच खर्च आधी करावा असं माझं मत आहे.

कापड तर मऊ असतं. सुरकुती पडली तर?

तर माप कमी येतं. सुरकुती, दुमडलेला कोपरा, पट्ट्यावर गोळा झालेला पीस, या सगळ्यांमुळे नॅपकिन बहुधा लहानच दिसतो, मोठा क्वचितच दिसतो. याचा उपयोग करून घ्या. कॅमेऱ्याने 'लांब' म्हटलेला पीस खरोखरच लांब असण्याची शक्यता जास्त. 'आखूड' म्हटलेला पीस मात्र हाताने सारखा करून पुन्हा मोजल्याशिवाय रिजेक्ट करू नका. उलटा धोकाही आहे: ६२३ चा लांब पीस सुरकुतीमुळे ६१८ दिसून पास होऊ शकतो. म्हणून सुरकुती ओळखण्याची वेगळी तपासणी हवीच.

ती अशी करा. प्रत्येक बाजूवर कोपरे सोडून शेकडो बिंदू घ्या आणि त्यांतून सरळ रेघ बसवा. बाहेर आलेल्या धाग्यांचे बिंदू रॅनसॅक पद्धतीने गाळले जातात, ती रेघेपासून फटकून असलेले बिंदू सोडून देते. मग उरलेले बिंदू त्या रेघेपासून किती लांब आहेत ते बघा. २ मिलिमीटरच्या वर जात असतील, किंवा समोरासमोरच्या बाजूंमध्ये ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर माप छापूच नका. 'हाताने बघा' असा इशारा द्या. बाजू चार रेघांनी पकडल्या की तिरका पडलेला पीसही बरोबर मोजला जातो. सरळ चौकट टाकून मोजाल, तर दहा अंश फिरलेला ६१० चा नॅपकिन ६७१ चा दिसेल.

पट्टा चालूच ठेवून फोटो काढायचा का?

हो, थांबवायची गरज नाही. पट्टा मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २०० मिलिमीटर धावत असेल आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंद ठेवलं, तर तेवढ्या वेळात पीस ०.२ मिलिमीटर सरकतो, एका पिक्सेलपेक्षा कमी. १० मिलिसेकंद ठेवलं तर २ मिलिमीटरचा धूसर पट्टा येतो. इतक्या कमी वेळात उजेड पुरावा म्हणून लाइट जोरदार लागतो. शेडच्या ट्यूबलाइटवर भागत नाही.

कॅमेरा ग्लोबल शटरचाच घ्या, तो सगळा फोटो एकाच क्षणी टिपतो. रोलिंग शटरचा कॅमेरा फोटो ओळीओळीने वाचतो. पूर्ण फोटो वाचायला ३० मिलिसेकंद लागत असतील, तर आपला ४०६ चा पीस वाचून होईपर्यंत पट्टा जवळपास ४ मिलिमीटर पुढे गेलेला असतो. कॅमेरा ज्या दिशेने लावला असेल त्याप्रमाणे पीस तेवढा ताणलेला किंवा दबलेला दिसतो. ओळखायची खूण अशी: पट्टा थांबवून मास्टर प्लेट मोजा, मग चालू ठेवून मोजा. आडवं माप तेच राहिलं आणि उभं बदललं, तर शटरचा दोष आहे.

मग मोबाइलने काम होईल का?

कल्पना पटवून द्यायला होईल, रोजच्या चेकिंगला नाही. मोबाइलचा कॅमेरा दर वेळी फोकस बदलतो आणि फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो. फोटो स्थिर यावा म्हणून आतली लेन्स हलते. शिवाय शटर रोलिंग असतं. तुम्ही कष्टाने केलेलं कॅलिब्रेशन पुढच्याच फोटोला लागू राहत नाही.

आमच्या शेडमध्ये लूम्सचा खडखडाट, वर तापलेला पत्रा आणि सगळीकडे तंतू. टिकेल का?

उन्हाची भीती लोकांना जास्त वाटते, तेवढी गरज नाही. लोखंडाचा ११०० मिलिमीटरचा खांब २५ अंशांनी तापला तर ०.३३ मिलिमीटर वाढतो. त्याने ६१० च्या मापात ०.२ मिलिमीटरही फरक पडत नाही, आणि खुणा तोही भरून काढतात. मात्र कॅमेरा पत्र्याच्या शेडच्या कैचीला टांगू नका. एप्रिल-मे महिन्यात कैची दिवसभर हलत-फुगत असते, वाऱ्यानेही हलते. कॅमेऱ्याला जमिनीतून उभा केलेला स्वतःचा स्टँड द्या, तोही लूमच्या फाउंडेशनपासून लांब.

थरथरीने स्क्रू सुटतात. ब्रॅकेटला स्प्रिंग वॉशर लावा आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे.

तंतूंचा त्रास खरा आहे. खुणांवर तंतूंचा थर बसला की आधी त्यांच्या कडा सरकतात आणि मग खूण ओळखूच येत नाही. लेन्सवर बसला की सगळ्या फोटोचा कस जातो आणि कडेचा उतार रुंद होतो. लेन्स काचेच्या खिडकीच्या पेटीत ठेवा, पाळी सुरू होताना ती काच आणि चारी खुणा मऊ कापडाने पुसा. हवेच्या पाइपने झोत मारला तर तंतू उडून पुन्हा तिथेच बसतात.

चेकिंगच्या मावशी म्हणतात, कॅमेरा चुकतो, टेपवर वेगळं येतं. कोणाचं खरं धरायचं?

दोघांचंही तपासा. टेरीच्या नॅपकिनवर टेप लावताना हात कापड नकळत ताणतो. दोन हातांनी टोकं धरली तर काही मिलिमीटर सहज वाढतात. दुसरीने तोच पीस टेबलावर नुसता ठेवून मोजला तर कमी येतात. म्हणून तुलना करण्याआधी टेपची पद्धत ठरवा: पीस सपाट टेबलावर, हाताने एकदा सारखा केलेला, ताण न देता, लांबी तीन ठिकाणी मोजून सरासरी. मग वीसेक पीस दोन्ही रीतींनी मोजून फरक लिहा.

फरक सगळ्या पीसना साधारण सारखाच असेल तर उंचीचे पत्रे किंवा कडेची रेघ तपासा. फरक कधी जास्त कधी कमी असेल तर बहुधा हातांचा फरक आहे, आणि दोन मावशींनी तेच पीस मोजले की ते लगेच दिसतं. बायरशी वाद झाला तर दोघांच्याही समोर प्रमाणित स्टीलच्या टेपनेच मोजायचं. कॅमेरा लाइनवर माल वेगळा करायला आहे.

एक सूचना स्क्रीनबद्दल. आपल्या कारखान्यांत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलणारी माणसं एकाच लाइनवर असतात. लांबलचक संदेश लिहू नका. हिरवा, पिवळा, लाल असा मोठा रंग दाखवा आणि कुठली बाजू चुकली ते चित्रातच ठळक करा.

पास-नापासची रेघ नेमकी ६०० आणि ६२० वर ठेवायची?

नाही, कारण कॅमेऱ्याचं मापही थोडं इकडे-तिकडे होतं. आधी ते किती होतं हे काढा. एकच नॅपकिन तीसेक वेळा पट्ट्यावर नव्याने ठेवून मोजा. आकडे साधारण एक मिलिमीटर वर-खाली राहत असतील, तर व्यवस्था या सुटीला पुरेशी आहे. मापाची चूक सुटीच्या दहाव्या हिश्श्यात असावी, असा चेकिंगच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

मग मापाचे तीन गट करा. ६०१ ते ६१९ सरळ पास. ५९९ च्या खाली आणि ६२१ च्या वर बाजूला, पण आखूड पीस एकदा हाताने बघून. मधले अडचणीचे पीस चेकिंग टेबलावर. कॅमेऱ्यामुळे टेबल बंद होत नाही, टेबलावर येणारे पीस कमी होतात. रोज पाळी सुरू होताना मास्टर प्लेट तीन जागी पाठवून आकडे वहीत लिहा. एखाद्या दिवशी अर्ध्या मिलिमीटरने सरकलं तर चालेल, पण आठवडाभर एकाच दिशेने सरकत असेल तर कुठलातरी स्क्रू किंवा खूण हलतेय. तो सापडेपर्यंत शांत बसू नका.

हेच डाळिंबाला वापरता येईल का?

सोलापूरकर हा प्रश्न विचारणारच. येईल, पण गणित थोडं बदलतं. नॅपकिनची उंची ठरलेली असते, डाळिंबाची नसते. मोठं फळ उंचही असतं, म्हणून ते कॅमेऱ्याच्या जास्त जवळ येतं आणि आणखी मोठं दिसतं. पट्ट्याच्या पातळीवरच्या खुणांनी ८० मिलिमीटरचं फळ ११०० मिलिमीटरवरून सुमारे ८३ चं दिसतं. त्याचा सगळ्यात रुंद भाग पट्ट्यापासून ४० मिलिमीटर वर असतो म्हणून. फळ जवळपास गोल धरलं तर दिसलेल्या व्यासावरून खरा व्यास असा काढता येतो, D हा दिसलेला व्यास आणि Z ही कॅमेऱ्याची उंची:

```
d = D / (1 + D / (2 × Z))
```

D = ८३ आणि Z = ११०० घातलं की d बरोबर ८० येतो. इथे खुणांखाली पत्रे घालू नका, त्या पट्ट्याच्या पातळीवरच ठेवा, नाहीतर हे सूत्र लागू होणार नाही. पाकळ्यांचा मुकुट आडवा पडला असेल तर तो व्यासात धरला जातो. त्यासाठी सगळ्यात लांब अंतर न घेता फळाच्या कडेत वर्तुळ बसवा आणि मुकुटाचे बिंदू धाग्यांसारखेच गाळा.